शिल्लक लिहून ठेवायची की दर वेळी मोजायची?

"सिस्टिमला माल दाखवतोय, पण फ्रिजमध्ये नाही." घाऊक औषधविक्रेत्याच्या दुकानात हे वाक्य नवीन नाही. ते कानावर आलं की पहिला संशय माणसांवर जातो. गोदामातल्या पोरानं दुसऱ्याच बॅचचा माल दिला असेल, कुणी बिल न करता नेला असेल, बाटल्या फुटल्या असतील. बऱ्याचदा यातलंच काहीतरी निघतं. पण कधीकधी सगळी माणसं बरोबर असतात, सगळी बिलंही बरोबर असतात आणि तरी संगणकातला आकडा खोटा असतो. हा आकडा खोटा कसा होतो, आणि तो खोटा आहे हे ओळखायचं कसं, ते इथे पाहू.

शिल्लक सांगण्याचे संगणकाकडे दोन मार्ग असतात. पहिल्या मार्गात प्रत्येक औषधासमोर एक आकडा लिहून ठेवलेला असतो. माल आला की तो वाढवायचा, विकला की कमी करायचा. कुणी विचारलं की तो वाचून दाखवायचा. डेटाबेसवाले याला डीनॉर्मलाइज्ड कॉलम म्हणतात, कारण जी गोष्ट इतर नोंदींवरून काढता आली असती ती इथे पुन्हा वेगळी लिहिलेली असते. दुसऱ्या मार्गात शिल्लक कुठेच लिहिलेली नसते. फक्त आवक-जावकेच्या नोंदी असतात: अमुक तारखेला २० आले, अमुक बिलात ५ गेले. कुणी विचारलं की त्या सगळ्यांची बेरीज करायची आणि उत्तर द्यायचं.

पहिला मार्ग झटपट आणि दुसरा खात्रीचा, असं साधारण समजलं जातं. ते अर्धंच खरं आहे. एकाच वेळी अनेक जण बिलं करत असतील तर दोन्ही मार्गांत खड्डे आहेत, फक्त वेगवेगळ्या ठिकाणी.

बारा व्हायल आणि दोन काउंटर

समजा, एका घाऊक दुकानाच्या फ्रिजमध्ये इन्सुलिनच्या १२ व्हायल आहेत आणि कॉलममध्येही १२ लिहिलेले आहेत. दुकानात दोन काउंटर आहेत. पहिल्यावर ५ व्हायलचं बिल होतंय, दुसऱ्यावर ४ व्हायलचं. प्रोग्राम लिहिणाऱ्यानं अगदी सरळ विचार केला आहे: आधी शिल्लक वाच, त्यातून वजा कर, उत्तर परत लिही. पायथनमधल्या जँगो या लोकप्रिय चौकटीत हे असं दिसतं:

```python
item = Stock.objects.get(item_id=42)
item.qty = item.qty - 5
item.save()
```

वाचायला यात काहीच खटकत नाही. एकेक बिल करून तपासलं तर उत्तरही बरोबर येतं. आता दोन्ही काउंटरांवर एकाच क्षणी बटण दाबलं जातं. पहिला काउंटर वाचतो: १२. त्याचं लिहून व्हायच्या आत दुसराही वाचतो: १२. पहिला ५ वजा करतो आणि ७ लिहितो. दुसऱ्याला त्याचा पत्ताच नाही. तो आपल्या १२ मधून ४ वजा करतो आणि ७ वर ८ लिहून मोकळा होतो.

फ्रिजमध्ये राहिल्या ३ व्हायल. संगणक म्हणतोय ८. पहिल्या काउंटरची वजाबाकी झाली होती, पण दुसऱ्यानं ती पुसून टाकली. डेटाबेसच्या शास्त्रात याला 'लॉस्ट अपडेट', म्हणजे हरवलेला बदल म्हणतात. १९९५ साली जिम ग्रे आणि सहकाऱ्यांनी डेटाबेसच्या प्रमाणित नियमांवर टीका करणारा जो निबंध लिहिला, त्यातल्या दोषांच्या यादीत हा दोष आहे. पडद्यावर कुठलीही चूक दिसत नाही. दोन्ही बिलं छापली जातात, दोन्ही गिऱ्हाइकांना माल मिळतो. तिसरा गिऱ्हाईक येऊन ६ मागतो, संगणक खुशाल हो म्हणतो आणि मग फ्रिज उघडल्यावर वादावादी सुरू होते.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. "सगळं ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळलंय, आता काही होत नाही," असं प्रोग्रामर छातीठोकपणे सांगतात. ट्रान्झॅक्शन म्हणजे अनेक कामांचा असा गठ्ठा, की एकतर सगळी कामं होतील किंवा एकही होणार नाही. पण दोन गठ्ठे एकमेकांच्या मध्ये किती घुसू शकतात, हे वेगळ्या सेटिंगवर ठरतं. पोस्टग्रेसमध्ये कुणी काही बदललं नाही तर `READ COMMITTED` ही पातळी असते आणि तिच्यात वरचा घोटाळा बिनबोभाट होतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबीमध्ये मुळात `REPEATABLE READ` असते आणि तिच्यातही होतो. पोस्टग्रेसमध्ये मात्र `REPEATABLE READ` मुद्दाम निवडली तर दुसऱ्या काउंटरला लिहू दिलं जात नाही. त्याचं ट्रान्झॅक्शन रद्द होतं आणि `could not serialize access due to concurrent update` असा निरोप येतो. म्हणजे एकाच नावाची पातळी दोन डेटाबेसमध्ये दोन तऱ्हांनी वागते.

शिल्लक शून्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, असा नियम कॉलमवर लावून ठेवण्याची पद्धत चांगली आहे. पण ती इथे उपयोगी पडत नाही. ८ हा आकडा शून्यापेक्षा मोठाच आहे. चुकीचा असला तरी तो नियमात बसतो.

एका वाक्यातला उपाय

दोष वाचणं आणि लिहिणं यांच्यामधल्या फटीत आहे. म्हणून फटच ठेवायची नाही. आकडा प्रोग्राममध्ये आणून वजाबाकी करण्याऐवजी डेटाबेसलाच सांगायचं, की आत्ता जो आकडा असेल त्यातून ४ कमी कर, आणि किमान ४ असतील तरच कर:

```sql
UPDATE stock SET qty = qty - 4
WHERE item_id = 42 AND qty >= 4;
```

आता तोच प्रसंग पुन्हा पाहू. पहिल्या काउंटरचं ५ वजा करणारं वाक्य त्या ओळीवर कुलूप लावतं. हे कुलूप त्याचं ट्रान्झॅक्शन पुरं होईपर्यंत निघत नाही. दुसऱ्या काउंटरचं वाक्य तिथे येऊन थांबतं. पहिल्याचं काम संपलं, आकडा ७ झाला, कुलूप निघालं, की पोस्टग्रेस दुसऱ्यासाठी त्या ओळीची नवी प्रत घेतं आणि `qty >= 4` ही अट तिच्यावर पुन्हा तपासतं. ७ म्हणजे ४ पेक्षा जास्त, तेव्हा वजाबाकी होते आणि ३ उरतात. मायएसक्यूएलमध्येही `UPDATE` जुन्या प्रतीवर न चालता ताज्या आकड्यावर चालतं.

आता तिसरा गिऱ्हाईक ६ मागतो. अट जुळत नाही आणि डेटाबेस सांगतो: बदललेल्या ओळी ०. ही काही चूक नाही, हे उत्तर आहे. प्रोग्रामनं ते वाचून "साठा कमी आहे" असं काउंटरवर दाखवायचं असतं. दुर्दैवानं बरेच प्रोग्राम हे उत्तर वाचतच नाहीत. वाक्य चाललं, लाल अक्षरात काही आलं नाही, म्हणजे काम झालं असं धरून बिल छापतात. आपल्या सॉफ्टवेअरमध्ये हे होतंय का, ते तपासायला सोपं आहे. शिल्लक ३ असताना दोन संगणकांवर प्रत्येकी २ नगांचं बिल तयार ठेवायचं आणि एकदमच बटण दाबायचं. एक बिल अडलंच पाहिजे. एकदा अडलं म्हणून समाधान मानायचं नाही. दोष असला तरी दर वेळी दिसत नाही, म्हणून हा प्रयोग अनेकदा करावा लागतो.

मग बेरीजच का करू नये?

इतकी कटकट असेल तर कॉलम हवाच कशाला, असं वाटणं साहजिक आहे. नोंदींची बेरीज केली की झालं:

```sql
SELECT SUM(qty) FROM stock_moves
WHERE item_id = 42;
```

या पद्धतीचा मोठा गुण असा, की आकडा आणि नोंदी यांच्यात फारकत होऊच शकत नाही, कारण वेगळा आकडाच नाही. कुणाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीवर लिहिली जात नाही. प्रत्येक बिल आपली नवी ओळ जोडतं. शिवाय ३१ मार्चला किती साठा होता, असं हिशेबतपासनीसानं विचारलं तर तारखेची अट घालून तेच वाक्य चालवता येतं. नुसता कॉलम असेल तर कालची शिल्लक आज कुणालाच सांगता येत नाही.

वेगाची भीती थोडी फुगवलेली आहे. एका औषधाच्या वर्षाला १५ हजार नोंदी होत असतील आणि त्या औषधाच्या क्रमांकावर इंडेक्स असेल, तर एवढ्या ओळींची बेरीज आजच्या साध्या संगणकालाही जड नाही. अडचण येते ती सगळ्या औषधांची यादी एकदम दाखवताना. ८ हजार औषधं आणि प्रत्येकाच्या सरासरी ५०० नोंदी धरल्या तर ४० लाख ओळी होतात. दर वेळी पडदा उघडला की ४० लाख ओळींची बेरीज, आणि हे चार काउंटरांवर दिवसभर चालू. नोंदी दर वर्षी वाढतात, त्यामुळे पहिल्या वर्षी पटकन उघडणारा पडदा चौथ्या वर्षी रखडू लागतो.

पण खरा खड्डा वेगात नाही. समजा, बेरीज ३ आहे. पहिला काउंटर २ मागतो. प्रोग्राम बेरीज करतो, ३ येतात, पुरेसे आहेत, म्हणून वजा २ ची नवी ओळ जोडतो. त्याच क्षणी दुसरा काउंटरही बेरीज करतो. पहिल्याची ओळ अजून पक्की झालेली नाही, म्हणून त्यालाही ३ दिसतात. तोही वजा २ जोडतो. आता बेरीज वजा १. नसलेली व्हायल विकली गेली.

इथे कुलूप का लागलं नाही? कारण दोघांनी एकाच ओळीला हात लावलेला नाही. प्रत्येकानं आपली नवी ओळ लिहिली आणि नव्या ओळी एकमेकींच्या आड येत नाहीत. जी ओळ अजून जन्मलेलीच नाही तिला कुलूप लावणार कसं? म्हणजे कॉलम काढून टाकल्यानं हरवलेल्या बदलाचा दोष गेला, पण जास्तीच्या विक्रीचा राहिला. जमेची बाजू एवढीच, की इथे चूक लपत नाही. वजा १ दिसतो, कोणती दोन बिलं भिडली तेही दिसतं. कॉलममध्ये ८ दिसत होते तेव्हा संशय घ्यायलाही जागा नव्हती.

यावर दोन उतारे आहेत. पहिला म्हणजे डेटाबेसला सर्वांत कडक पातळी, `SERIALIZABLE`, वापरायला सांगणं. पोस्टग्रेसमध्ये २०११ च्या ९.१ या आवृत्तीपासून ही पातळी खऱ्या अर्थानं पाळली जाते. दोन ट्रान्झॅक्शनांनी एकमेकांचा आधार काढून घेतला असं दिसलं की त्यातलं एक रद्द होतं. रद्द झालेलं बिल प्रोग्रामनं आपणहून पुन्हा चालवायला हवं. ती सोय केलेली नसेल तर काउंटरवरच्या माणसाला न समजणारा इंग्रजी निरोप दिसतो.

दुसरा उतारा साधा आहे. बेरीज करण्याआधी त्या औषधाच्या मूळ ओळीवर मुद्दाम कुलूप लावायचं:

```sql
SELECT item_id FROM items
WHERE item_id = 42 FOR UPDATE;
```

यानंतर बेरीज, मग नवी ओळ, मग समाप्ती. दुसरा काउंटर पहिल्याच वाक्यावर थांबतो आणि आत येतो तेव्हा त्याला ताजी बेरीज मिळते. मायएसक्यूएलमध्ये मात्र एक जागा जपावी लागते. तिथल्या नेहमीच्या पातळीवर ट्रान्झॅक्शनमधलं पहिलं साधं `SELECT` चालतं तेव्हाच आतल्या जगाचं चित्र गोठतं. कुणी कुलूप लावण्याआधी गिऱ्हाइकाचं नाव जरी वाचलं, तरी नंतरची बेरीज त्या जुन्या चित्रावरच होते आणि कुलूप लावूनही उत्तर शिळं येतं. म्हणून तिथे कुलूप हे पहिलं वाक्य असावं लागतं.

थोडक्यात, शेवटचे ३ नग कुणाला द्यायचे हे ठरवायचं असेल तर कुठेतरी, कुठल्यातरी एका ओळीपाशी रांग लागणारच. कॉलम ठेवला काय किंवा काढला काय, रांग टळत नाही.

रांग किती लांब?

ही रांग किती त्रास देईल, हे कुलूप किती वेळ हातात राहतं यावर आहे. एका बिलाचं ट्रान्झॅक्शन २० मिलिसेकंदांत संपत असेल तर एका औषधाची सेकंदाला ५० बिलं होऊ शकतात. एवढी विक्री कुठल्याही घाऊक दुकानाला पुरून उरेल. पण प्रोग्रामरनं कुलूप लावल्यानंतर, ट्रान्झॅक्शन संपायच्या आत, ई-इनव्हॉइसच्या पोर्टलकडून क्रमांक आणायचं काम घातलं आणि पोर्टलनं उत्तराला २ सेकंद घेतले, तर तोच हिशेब मिनिटाला ३० बिलांवर येतो. वेगवेगळी औषधं असतील तर फार जाणवत नाही. पण ताप-खोकल्याच्या दिवसांत निम्म्या बिलांत पॅरासिटामॉल असतं. मग प्रत्येक काउंटर त्या एका ओळीपाशी अडकतो आणि दुकानात "आज सर्व्हर स्लो आहे" असं ऐकू येतं. सर्व्हर मोकळाच असतो. कुलूप हातात धरून बाहेरचं काम करायचं नाही, हा इथला नियम. पोर्टल, एसएमएस, छपाई हे सगळं ट्रान्झॅक्शन संपल्यावर.

प्रचंड विक्रीच्या जागी मात्र नियम पाळूनही रांग लांबते. या प्रश्नावर १९८६ साली पॅट्रिक ओ'नील यांनी 'एस्क्रो' नावाची पद्धत मांडली. त्यांचं म्हणणं असं, की वजाबाकीचा क्रम कोणताही असला तरी उत्तर एकच येतं, मग एकाचं पुरं होईपर्यंत दुसऱ्याला का थांबवायचं? १२ मधले ५ पहिल्यासाठी राखून ठेवा, ४ दुसऱ्यासाठी, दोघांनाही कुलपाविना पुढे जाऊ द्या. तिसरा ६ मागायला आला तर सर्वांत वाईट शक्यता धरा: दोन्ही बिलं पक्की झाली तर ३ उरतील, म्हणून त्याला नकार द्या. पहिलं बिल रद्द झालं तर ५ परत येतील. ही कल्पना तयार सोय म्हणून सर्रास मिळायला फार वेळ लागला. ओरॅकलनं २३एआय या आवृत्तीत कॉलमला `RESERVABLE` असं लिहिण्याची सोय दिली, ती याच वाटेवरची आहे.

रोजमेळ आणि खतावणी, दोन्ही

ज्या हिशेब ठेवणाऱ्यांनी संगणक पाहिलाही नव्हता, त्यांनी या वादात एक बाजू कधीच घेतली नाही. रोजमेळात प्रत्येक व्यवहार आला त्या क्रमानं लिहायचा आणि खतावणीत त्याच्या खात्यावर शिल्लक काढून ठेवायची. वाद झाला तर रोजमेळ खरा. चांगली साठा-सॉफ्टवेअरं हेच करतात.

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर याचं उघडून पाहता येण्याजोगं उदाहरण आहे. त्यात साठ्याचा प्रत्येक बदल `Stock Ledger Entry` या तक्त्यात एक ओळ म्हणून जातो. त्या ओळीत `actual_qty` म्हणजे झालेला बदल आणि `qty_after_transaction` म्हणजे त्यानंतरची शिल्लक, असे दोन आकडे असतात. याशिवाय `Bin` नावाचा वेगळा तक्ता आहे. त्यात एका गोदामातल्या एका वस्तूसाठी एकच ओळ असते आणि आत्ताची शिल्लक तिथे तयार मिळते. यादी दाखवायला `Bin`, वाद मिटवायला लेजर.

या मांडणीची किंमतही तिथेच दिसते. समजा आज २० तारीख आहे आणि १२ तारखेची एक खरेदी नोंदवायची राहिली होती. ती आज १२ तारीख घालून नोंदवली, की १२ नंतरच्या त्या वस्तूच्या प्रत्येक ओळीतली शिल्लक चुकते. ईआरपीनेक्स्टला या पुढच्या ओळी पुन्हा लिहाव्या लागतात, आणि मालाचं मूल्यही बदलत असल्यानं तो हिशेबही नव्यानं करावा लागतो. नोंदी फार असतील तर हे काम मागच्या बाजूला रांगेत चालतं आणि तोवर अहवालात जुने आकडे दिसू शकतात. मागच्या तारखेची एक नोंद केली आणि सगळे आकडे का हलले, असं दुकानदार विचारतात, त्याचं उत्तर हे आहे.

फरक कुठून आला?

आकडा आणि नोंदी दोन्ही ठेवायच्या असतील तर दोन अटी पाळाव्या लागतात. पहिली, नोंदीची ओळ जोडणं आणि कॉलम बदलणं ही दोन्ही कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये व्हायला हवीत. दुसरी, दोन्ही जुळतात का हे रोज रात्री संगणकानंच पाहायला हवं. त्याला लागतं ते एवढंच:

```sql
SELECT s.item_id, s.qty,
       COALESCE(SUM(m.qty), 0) AS ledger_qty
FROM stock s
LEFT JOIN stock_moves m ON m.item_id = s.item_id
GROUP BY s.item_id, s.qty
HAVING s.qty <> COALESCE(SUM(m.qty), 0);
```

उत्तरात एकही ओळ आली नाही तर सगळं ठीक. ओळ आली तर ती बोलकी असते. इन्सुलिनच्या उदाहरणात ती सांगेल: कॉलम ८, नोंदी ३. फरक ५ आणि नेमकं ५ चंच एक बिल त्या दिवशी आहे. म्हणजे त्या बिलाची वजाबाकी हरवली. त्याच्या आसपासच्या सेकंदात त्याच औषधाचं दुसरं बिल सापडलं तर शंकेला जागा उरत नाही. फरक दिवसाच्या गर्दीच्या तासांतच पडत असेल, तर दोष आधीच्या त्या तीन ओळींच्या प्रोग्रामसारखा कुठेतरी आहे. फरक एखाद्या रात्री शेकडो औषधांत एकदम पडला असेल, तर कुणीतरी एक्सेलमधून माल चढवताना एकच तक्ता भरला आणि दुसरा विसरला.

नोंदी आणि कॉलम जुळतात, पण फ्रिजमध्ये वेगळंच आहे, अशी तिसरी शक्यता असते. तेव्हा सॉफ्टवेअरला दोष देऊन उपयोग नाही. मुदत संपलेला माल बाजूला काढताना नोंद राहिली, चुकीची बॅच गेली, किंवा खरोखर माल गेला. फक्त एक अपवाद आहे. नेट अडखळल्यामुळे एकच बिल दोनदा पाठवलं गेलं असेल, तर नोंदही दोनदा होते आणि कॉलमही दोनदा कमी होतो. दोघं छान जुळतात आणि दोघंही चूक. म्हणून बिल क्रमांक आणि त्यातली ओळ यांची जोडी नोंदीच्या तक्त्यात दुसऱ्यांदा येऊ द्यायची नाही, असा नियम डेटाबेसमध्येच घालतात.

दुरुस्तीही त्या त्या चुकीप्रमाणे. कॉलम चुकला असेल तर ओळीवर कुलूप लावून, नोंदींची बेरीज करून ती कॉलममध्ये लिहायची. फ्रिजमधला माल कमी असेल तर कॉलमला हात लावायचा नाही. कारणासकट एक समायोजनाची नोंद करायची, म्हणजे कॉलम आपोआप बदलेल आणि मागे पुरावाही राहील.

एकच काउंटर असलेल्या किंवा थोड्या मालाच्या दुकानाला नुसती बेरीज पुरते. तिथे कॉलम ठेवणं म्हणजे नसतं दुखणं विकत घेणं. काउंटर आणि नोंदी वाढल्या की कॉलम लागतो, पण नोंदींशिवायचा कॉलम कधीच नको. साठ्याचं सॉफ्टवेअर घेताना विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. दोन काउंटरांनी शेवटचा नग एकदम विकला तर काय होतं? शिल्लक आणि नोंदी जुळतात का हे कोण आणि कधी पाहतं? फरक निघाला तर तुम्ही काय करता? तिसऱ्याचं उत्तर "फोन करा, आम्ही आतून आकडा बदलून देतो" असं आलं, तर बदल करू देण्याआधी कॉलमचा आकडा आणि नोंदींची बेरीज दोन्ही लिहून घ्या. आतून आकडा बदलला की फरकाचं कारण शोधायचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो.